चरबीने दिलेली साक्ष

आजार आतड्याच्या बाहेर पसरत होता आणि सगळे जण आतड्याच्या आत पाहत होते. पन्नास वर्षांपूर्वी डायव्हर्टिक्युलायटिसच्या निदानाची अडचण ही होती. पोटाच्या डाव्या बाजूला, खाली, सतत दुखते आहे, अंगात ताप आहे, हात लावला की रुग्ण कळवळतो. एवढ्यावर डॉक्टर अंदाज बांधायचे. याला ‘डाव्या बाजूचे अपेंडिक्स’ म्हणत, कारण लक्षणे तशीच, फक्त बाजू उलट. पण आत नेमके काय चालले आहे? थोडी सूज आहे, की पू साठलाय, की आतड्याला भोक पडून मैला पोटात उतरतोय? हाताला ते कळत नाही.

मुख्य तपासणी होती बेरियम एनिमा. गुदद्वारातून बेरियमचा पांढरा द्रव आत सोडायचा आणि एक्स-रे काढायचा. आतड्याच्या पोकळीचा आकार त्यात उमटतो. कुठे अरुंद झालेय, कुठे वेडेवाकडे झालेय, एवढे दिसते. भिंतीच्या पलीकडे काय आहे ते दिसत नाही. शिवाय आतडे कुठे फाटले असेल तर बेरियम पोटात सांडायचे भय. म्हणून सूज उतरेपर्यंत ही तपासणी लांबणीवर टाकत. म्हणजे निर्णय घ्यायची घटका जेव्हा असे, तेव्हा चित्र हातात नसे, आणि चित्र येई तेव्हा निर्णय होऊन गेलेला असे.

अशा अंधारात एकच वाट सुरक्षित वाटते: सगळ्यांना भरती करा. तोंडाने काही द्यायचे नाही, सलाइन लावायचे, शिरेतून अँटिबायोटिक द्यायचे आणि रोज पोटावर हात ठेवून पाहायचे. जो बिघडेल त्याला ऑपरेशन थिएटरमध्ये न्यायचे. ज्याला तीन दिवस घरी पडून राहिल्यानेही बरे वाटले असते तो, आणि ज्याच्या ओटीपोटात पूची गाठ वाढते आहे तो, दोघे शेजारशेजारच्या खाटांवर एकाच उपचारावर असत.

ही कोंडी फुटली ती आतड्याभोवतीच्या चरबीमुळे. कशी, ते समजायला आधी आतड्याची भिंत पाहावी लागेल.

मोठ्या आतड्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या बाहेरून येतात आणि स्नायूचा थर भेदून आत शिरतात. जिथे त्या शिरतात तिथे स्नायूत फट राहते. जर्मन शल्यविशारद एर्न्स्ट ग्रासर यांनी 1899 मध्ये या फटींचा आणि आतड्यावरच्या फुगवट्यांचा संबंध दाखवून दिला होता. सायकलच्या टायरला चीर पडली की हवेच्या दाबाने ट्यूब तिथून फुग्यासारखी बाहेर येते, तसे आतड्याचे आतले अस्तर वर्षानुवर्षांच्या दाबाने या फटींतून बाहेर येते. वाटाण्याएवढ्या अशा पिशव्या तयार होतात. त्यातली एक म्हणजे डायव्हर्टिक्युलम. डाव्या बाजूचा, इंग्रजी एस अक्षरासारखा वळलेला सिग्मॉइड हा भाग सर्वांत अरुंद, त्यामुळे दाब तिथे जास्त आणि पिशव्याही तिथेच जास्त. बहुतेकांना त्या आयुष्यभर कळतही नाहीत. त्यातल्या एखाद्या पिशवीला सूज आली की मात्र डायव्हर्टिक्युलायटिस.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. या पिशवीला स्नायूचा थर जवळजवळ नसतोच. नुसते पातळ अस्तर आणि त्याच्या लगेच बाहेर, आतड्याला लगडलेली पिवळी चरबी. त्यामुळे दाह सुरू झाला की तो पोकळीकडे यायच्या आधी बाहेर चरबीत उतरतो. या रोगाची पहिली खूण आतड्यात नसून शेजारच्या चरबीत असते, आणि बेरियमला नेमकी तीच दिसत नव्हती.

अंकांत मोजलेली चरबी

1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला. तो मेंदूचा होता. हाउन्सफील्ड हे ईएमआय कंपनीतले अभियंता. 1979 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल त्यांना ॲलन कॉर्मॅक यांच्यासह मिळाले. त्यांच्या यंत्राचे खरे बळ असे की, ते शरीराच्या प्रत्येक ठिपक्याला एक अंक देते. पाण्याला शून्य, हवेला उणे 1000, स्नायूला साधारण 40 ते 60, आणि चरबीला उणे 100 च्या आसपास. पडद्यावर अंक जितका खाली तितका ठिपका काळा.

आता आतड्याभोवतीची निरोगी चरबी डोळ्यांसमोर आणा. सगळीकडे उणे 100, म्हणजे एकसारखी गडद काळपट. शेजारची पिशवी सुजली की रक्तवाहिन्या फुगतात, त्यांतून पाणी पाझरते, रसवाहिन्या तुंबतात, पांढऱ्या पेशी धावून येतात. चरबीच्या मधल्या बारीक पडद्यांतून हे पाणी पसरते. पाण्याचा अंक शून्य, चरबीचा उणे 100, दोन्ही मिसळल्यावर त्या जागेचा अंक वर चढतो. काळ्या चरबीत करड्या रेघा उमटतात, धागे सुटल्यासारख्या. क्ष-किरणतज्ज्ञ याला ‘फॅट स्ट्रँडिंग’ म्हणतात. रिपोर्टमध्ये वाचताना हा शब्द अनोळखी वाटतो, पण त्याचा अर्थ एवढाच की चरबीत पाणी आणि पेशी शिरल्या आहेत आणि म्हणून ती करडी दिसते आहे.

हे सगळे तत्त्वतः 1970 च्या दशकातच शक्य होते. पण डोके स्थिर धरून ठेवता येते, पोट धरता येत नाही. माणूस श्वास घेतो, आतडी वळवळतात, आणि त्या काळच्या संथ यंत्रांवर चित्र फरकटून निघे. पोटाचा स्कॅन म्हणजे यकृत, स्वादुपिंड, मूत्रपिंड असल्या जागच्या जागी बसणाऱ्या अवयवांसाठी, अशीच समजूत होती. आतडे पाहायला बेरियम. ही समजूत मोडायला जवळपास दशक लागले.

1984 मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाच्या क्ष-किरणतज्ज्ञांनी ‘रेडिओलॉजी’ या नियतकालिकात 43 रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. हलनिक, मेगिबो, बाल्थाझार, नायडिच आणि बॉस्नियाक ही त्यांची नावे. सगळे रुग्ण डायव्हर्टिक्युलायटिसचे. प्रत्येकाच्या सीटीत काय काय दिसले याची त्यांनी नोंद केली. भिंत जाड झालेली 70 टक्क्यांत. खुद्द पिशव्या, ज्यांच्यावरून रोगाला नाव पडले, त्या 84 टक्क्यांत. आणि आतड्याभोवतीच्या चरबीतला दाह 98 टक्क्यांत.

मला हे तीन आकडे या सगळ्या गोष्टीतले सर्वांत बोलके वाटतात. जे शोधायला लोक आत पाहत होते ते सर्वांत कमी भरवशाचे ठरले, आणि ज्या चरबीकडे कोणी लक्षच देत नव्हते तिने जवळजवळ प्रत्येक वेळी खूण दाखवली. कारणही उघड आहे. फुगलेल्या मोठ्या आतड्याची भिंत तीन मिलिमीटरच्या आत असते. पाचच्या वर गेली तर ती जाड समजतात. पण ज्या माणसाला वर्षानुवर्षे पिशव्या आहेत त्याच्या आतड्याचा स्नायू तसाही जाड होऊन बसतो, दाह असो वा नसो. शिवाय स्कॅनच्या क्षणी आतडे आकुंचन पावलेले असेल तर निरोगी भिंतही जाड दिसते. नुसत्या जाडीवर निदान टेकवले तर फसगत होते. जाडी आणि तिच्या शेजारीच करडी झालेली चरबी, अशी जोडी जमली की निदान पक्के.

यात एक उलटी गंमत आहे. पोटात चरबी असलेल्या माणसाचा हा स्कॅन वाचायला सोपा जातो. अगदी कृश माणसाची आतडी एकमेकांना चिकटून बसलेली असतात, मध्ये काळी जागाच नसते, मग करड्या रेघा उमटणार कशावर? तिथे अनुभवी डोळाही अडखळतो.

जिनिव्हातली विभागणी

दिसू लागले, पण पुढे काय? चित्र नुसते निदान सांगून थांबले तर बाजूच्या दोन खाटांवरचे ते दोन रुग्ण अजूनही एकाच उपचारावर राहणार. या दोघांना वेगळे करण्याचे काम जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात झाले. शल्यविशारद पॅट्रिक अँब्रोसेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1986 पासून पुढची कितीतरी वर्षे, भरती होणाऱ्या डायव्हर्टिक्युलायटिसच्या रुग्णांचे सीटी लगोलग काढले आणि नंतर त्या रुग्णांचे काय झाले याचा माग ठेवला.

त्यांनी चित्रांचे दोनच गट पाडले. भिंत पाच मिलिमीटर किंवा जास्त जाड आणि भोवतीच्या चरबीत दाह, एवढेच असेल तर सौम्य. त्याच्या जोडीला पूची गाठ, आतड्याबाहेर हवा, किंवा तपासणीसाठी आतड्यात सोडलेले रंगद्रव्य बाहेर झिरपलेले, यातले काहीही दिसले तर तीव्र. पुढचा इतिहास या दोन गटांचा वेगवेगळा निघाला. औषधांनी भागले नाही, ऑपरेशन करावे लागले, किंवा बरे होऊन पुन्हा दुखणे उलटले, असे तीव्र गटात कितीतरी अधिक वेळा घडले.

आतड्याबाहेरची हवा ही यातली सर्वांत चकवणारी खूण. हवेचा अंक उणे 1000, चरबीचा उणे 100, पण पोटाच्या नेहमीच्या सेटिंगवर पडद्यावर दोन्ही काळेच दिसतात. करड्या झालेल्या चरबीत मोहरीएवढा हवेचा बुडबुडा सहज निसटतो. म्हणून काळजीने वाचणारा तज्ज्ञ तीच चित्रे फुप्फुसांच्या सेटिंगवर पुन्हा एकदा पाहतो. तिथे चरबी उजळ होते आणि हवा तेवढी काळी राहते. पाच मिनिटांचे हे काम रुग्णाच्या पुढच्या आठवड्याचा निकाल लावते.

623 जणांची परीक्षा

सौम्य गट ठरला. पण त्या गटालाही भरती, सलाइन आणि अँटिबायोटिक चालूच राहिले, कारण मूळ समजूत हलली नव्हती. समजूत अशी की, पिशवीला सूक्ष्म छिद्र पडते, जंतू बाहेर येतात, म्हणून हा जंतुसंसर्ग, म्हणून अँटिबायोटिक. हे इतके साहजिक वाटत होते की कुणी तपासून पाहिले नव्हते.

स्वीडनमध्ये मात्र काही डॉक्टर सौम्य रुग्णांना अँटिबायोटिक न देता नुसते नजरेखाली ठेवत. स्टॉकहोमच्या फ्रेडरिक यर्न आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये अशा जुन्या नोंदी तपासल्या. 311 रुग्णांपैकी 193 जणांना अँटिबायोटिक दिलेच नव्हते, आणि त्यातले बहुसंख्य निर्धोक बरे झाले होते. पण मागे वळून पाहिलेल्या नोंदींवर विसंबता येत नाही. डॉक्टरांनी कमी आजारी माणसांनाच बिनऔषधाचे ठेवले असेल, तर निकाल चांगला येणारच.

खरी परीक्षा तोवर सुरू झालेली होती. 2003 पासून स्वीडनचे दहा आणि आइसलँडचा एक शल्यविभाग मिळून सौम्य डायव्हर्टिक्युलायटिसच्या रुग्णांची चिठ्ठी टाकून वाटणी करत होते. अबास शाबोक, केनेट स्मेड आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास. अट कडक होती: सीटीवर निदान सिद्ध झालेले हवे आणि गाठ, आतड्याबाहेर हवा किंवा फिस्टुला यातले काहीही नको. रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारे, गरोदर स्त्रिया आणि रक्तात संसर्ग पसरल्याची चिन्हे असलेले यातून वगळले होते. 314 जणांना किमान सात दिवस अँटिबायोटिक, 309 जणांना फक्त सलाइन.

त्या 309 जणांच्या वॉर्डातल्या डॉक्टरांची अवस्था काय असेल? ताप आहे, रक्तात दाह वाढलेला आहे, पोट दुखते आहे, आणि आपण हाताशी असलेले औषध मुद्दाम देत नाही. रात्री बिघडले तर? या भीतीला एकच उत्तर त्यांच्याकडे होते, ते म्हणजे सीटीचे चित्र. भिंत जाड, चरबी करडी, आणि त्यापलीकडे काही नाही. हे डोळ्यांनी पाहिलेले नसते तर असा प्रयोग कुठल्याही रुग्णालयाने मान्य केला नसता. ज्यांचा ताप किंवा दाह चढत गेला अशा मोजक्या रुग्णांना मध्येच औषध सुरूही केले.

2012 मध्ये निकाल छापून आला. आतडे फाटणे किंवा पूची गाठ होणे: अँटिबायोटिक घेतलेल्यांत तीन जण, न घेतलेल्यांत सहा जण. टक्क्यांत 1 आणि 1.9. सहा म्हणजे तीनच्या दुप्पट, असे वाटून दचकायला होते. पण तीनशेंच्या गटात एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो, आणि शेकडा अठ्ठ्याण्णव जणांत असा बिघाड झालाच नव्हता, औषध घेवोत वा न घेवोत. रुग्णालयातला मुक्काम दोन्हीकडे तीनच दिवसांचा. वर्षभरात दुखणे पुन्हा उलटले ते दोन्ही गटांत साधारण सारख्याच, 16 टक्के लोकांत. पुढे सुमारे अकरा वर्षांनी याच रुग्णांचा पुन्हा माग घेतला, तेव्हाही दोन गटांत फरक निघाला नाही.

एका अभ्यासावर कुणी इतकी जुनी पद्धत सोडत नाही, आणि सोडूही नये. नेदरलँड्सच्या 528 रुग्णांवर तशीच परीक्षा झाली, 2017 मध्ये निकाल आला. पूर्ण बरे वाटायला औषधाविना 14 दिवस, औषधासह 12 दिवस, म्हणजे म्हणण्यासारखा फरक नाही. सौम्य डायव्हर्टिक्युलायटिस हा बहुतेक वेळा शरीर स्वतःच आटोक्यात आणते असा दाह आहे, ही नवी समजूत अशी पायरीपायरीने रुजली.

मग रुग्णालयात ठेवायचे तरी कशाला? हा पुढचा प्रश्न स्पेनमध्ये सुटला. सेबास्तियानो बिओंदो आणि सहकाऱ्यांनी 132 रुग्णांना आपत्कालीन विभागात अँटिबायोटिकचा पहिला डोस शिरेतून देऊन निम्म्यांना भरती केले आणि निम्म्यांना गोळ्या देऊन घरी पाठवले. उपचार फसले ते भरती झालेल्यांत चौघांचे, घरी गेलेल्यांत तिघांचे. हे 2014 साल. 2021 मध्ये स्पेनमधल्याच 15 रुग्णालयांनी दोन्ही धागे एकत्र आणले: 480 रुग्ण, सगळे घरी, निम्म्यांना अँटिबायोटिक आणि निम्म्यांना नाही. नंतर भरती करावे लागले ते औषध घेतलेल्यांत 5.8 टक्के आणि न घेतलेल्यांत 3.3 टक्के.

एक रुग्ण, दोन चित्रे

हे सगळे एका खाटेपाशी कसे उतरते ते पाहू. पात्र कल्पित आहे, पण रोज घडते ते असेच. सांगलीच्या शाळेतल्या 57 वर्षांच्या बाई. दोन दिवस डाव्या बाजूला खाली दुखते आहे, ताप 38.1 अंश सेल्सिअस, उलटी नाही, चहा आणि पेज पोटात ठरते. मधुमेह नाही, स्टिरॉइड नाही. रक्तात पांढऱ्या पेशी 13,200 आणि सीआरपी 88. क्रिएटिनिन नीट आहे, म्हणून शिरेतून रंगद्रव्य देऊन सीटी होतो. एका श्वासात सगळे पोट चित्रित होते.

पहिले चित्र. सिग्मॉइडच्या सात सेंटिमीटर लांबीत भिंत आठ मिलिमीटर जाड. तिथे पाच-सहा पिशव्या, त्यातल्या एकीभोवती चरबी ठळक करडी. तिथे येणाऱ्या रक्तवाहिन्या फुगून समांतर ओळीत उभ्या. गाठ नाही, बाहेर हवा नाही, पाणी नाही.

“बाई, तुम्हाला भरती व्हायची गरज नाही,” डॉक्टर म्हणतात.

“अहो डॉक्टर, ताप आहे ना मला. आणि तुम्ही साधी अँटिबायोटिकपण लिहिली नाहीत.”

“सूज आहे, पण ती आतड्याच्या शेजारीच थांबली आहे, हे मला इथे दिसतेय. दोन-तीन दिवस पातळ घ्या, दुखेल तेव्हा पॅरासिटामॉल. परवा सकाळी मला दाखवायला या. मध्ये ताप चढला, उलट्या लागल्या, पोट लाकडासारखे कडक झाले, तर परवाची वाट पाहू नका, त्याच क्षणी या.”

ठरलेल्या दिवशीची फेरतपासणी हा या उपचाराचा भागच आहे. ती जमणार नसेल, घरी सोबत कुणी नसेल, रुग्णालय दोन तास लांब असेल, तर हाच रुग्ण भरती करणे शहाणपणाचे. घरी पाठवलेल्या स्पेनच्या रुग्णांच्या आकड्यांत ही दुसरी भेट गृहीत धरलेली आहे.

आता त्याच बाई, तीच तक्रार, तोच ताप, पण दुसरे चित्र. सिग्मॉइडला चिकटून साडेचार सेंटिमीटरची गाठ, मधोमध पाण्याच्या अंकाची, कडेला रंगद्रव्याने उजळलेले कडे. तिच्या शेजारी मोहरीएवढे हवेचे दोन बुडबुडे. हा पू आहे. बाईंना भरती करायचे, शिरेतून अँटिबायोटिक सुरू करायचे, आणि गाठ तीन-चार सेंटिमीटरच्या वर आहे म्हणून सीटीच्याच मार्गदर्शनाखाली त्वचेतून बारीक नळी घालून पू बाहेर काढायचा. गाठ याहून लहान असती तर बहुधा नुसत्या औषधाने विरली असती. आणि हवा सगळ्या पोटभर पसरलेली, पाणी साचलेले, पोट कडक असते, तर थेट शल्यविशारदाकडे.

पोटावर हात ठेवून या दोन बाई वेगळ्या ओळखता आल्या नसत्या.

पहिल्या चित्रावरही घरी पाठवताना काही गोष्टी हात आखडता घ्यायला लावतात. अमेरिकेच्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2021 मध्ये दिलेला सल्ला असा की, सीआरपी 140 च्या वर, पांढऱ्या पेशी 15,000 च्या वर, उलट्या, इतर मोठे आजार, स्कॅनमध्ये साचलेला द्रव किंवा लांबलचक भागात पसरलेला दाह, यातले काही असेल तर सौम्य दिसणाऱ्या आजारातही अँटिबायोटिक द्यावे. स्टिरॉइड घेणाऱ्यांची गोष्ट त्याहून वेगळी. दाह उमटवणारी यंत्रणाच त्यांच्यात दबलेली असते, म्हणून चरबी फारशी करडी होत नाही, पोटही फार दुखत नाही, आणि आतडे मात्र फाटलेले असू शकते. अवयव प्रत्यारोपण झालेले, केमोथेरपी चालू असलेले, यांच्या बाबतीत सौम्य दिसणाऱ्या चित्रावर भरवसा ठेवू नये. त्यांना अँटिबायोटिक द्यायचे आणि भरतीही लवकर करायचे.

दुसरी फसगत कर्करोगाची. सिग्मॉइडचा कर्करोगही भिंत जाड करतो. अंदाज लावायला खुणा आहेत: दाहात जाडी लांबवर, हळूहळू उतरत जाणारी, आणि चरबी भिंतीच्या मानाने जास्तच करडी. कर्करोगात जाडी थोड्या लांबीत, दोन्ही कडांना एकदम उठावाची, आणि शेजारच्या रसग्रंथी सुजलेल्या. पण या खुणा कधी कधी एकमेकींत मिसळतात. म्हणून बरे झाल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी कोलोनोस्कोपी करून आतून पाहून घ्यायचे, अलीकडे झालेली नसेल तर. सूज असताना लगेच करत नाहीत, कारण हवा भरून आतडे फुगवताना नाजूक जागा फाटू शकते.

आणि एक आपल्या बाजूचे. युरोप-अमेरिकेत हा आजार डावीकडे, पण जपान, कोरिया, चीन या आशियाई देशांत तो उजवीकडे बराच दिसतो, अपेंडिक्सच्या अगदी शेजारी. उजवीकडे दुखणाऱ्या माणसाचे अपेंडिक्स काढायला पोट उघडावे आणि अपेंडिक्स निरोगी निघावे, असे सीटीच्या आधी होत असे. उजवीकडेही पाहायचे तेच असते: अपेंडिक्स बारीक आणि स्वच्छ, आणि करडी चरबी त्याच्याभोवती नसून शेजारच्या आतड्याच्या पिशवीभोवती.

तुमच्या किंवा घरच्या कुणाच्या रिपोर्टवर ‘वॉल थिकनिंग’ आणि ‘फॅट स्ट्रँडिंग’ हे शब्द आले, तर डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: गाठ आहे का, आतड्याबाहेर हवा आहे का, आणि पोटात पाणी आहे का. तिन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल आणि डॉक्टर अँटिबायोटिक न लिहिता घरी जा म्हणाले, तर घाबरून औषधाच्या दुकानातून गोळ्या आणू नका. पण फेरतपासणीचा दिवस चुकवू नका, आणि ताप वाढला तर त्याच दिवशी परत जा.